पावती मोडण्याआधी अर्ज द्या, आणि सह्या दोघांच्या घ्या

पत्र

स.न.वि.वि. मी पारोळा तालुक्यातला निवृत्त शिक्षक, वय ७२. आमच्या मंडळींना हृदयाचा त्रास निघाला आहे. अँजिओग्राफीत तीन ब्लॉक दिसले. नाशिकला बायपास ठरली असून पुढच्या गुरुवारी अॅडमिट व्हायचं आहे. दवाखान्याने ३ लाख २० हजारांचा अंदाज दिला. दोघांच्या नावावर बँकेत ५ लाखांची पावती आहे, तीन वर्षांची, साडेसात टक्क्यांची. तिला सव्वा वर्ष झालं. दर तिमाहीचं व्याज खात्यात येतं, पेन्शनला त्याचा हातभार लागतो. मोडायला गेलो तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, एक टक्का पेनल्टी बसेल, सूट वगैरे काही नसते. सुरतचा मुलगा म्हणतो, ‘अण्णा, मोबाइलवरून मोडून टाकू, दोन मिनिटांचं काम.’ पारावर मात्र ऐकलं की वयस्कर माणसाला आजारपणात दंड माफ होतो. खरं काय, आणि अर्ज कसा लिहावा?

उत्तर

अण्णा, आधी मुलाला फोन करा आणि मोबाइलवरून काहीही दाबू नकोस म्हणून सांगा. अॅपमध्ये पावती बंद करताना आजारपणाचं कारण कोणी बघत नाही. संगणक दंड कापतो आणि उरलेले पैसे खात्यात टाकतो. एकदा कापलेला दंड परत मागणं आणि कापण्याआधी माफी मागणं यात फार फरक आहे. पहिल्या वेळी तुम्ही तक्रारदार असता, दुसऱ्या वेळी ग्राहक. मी छत्तीस वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीचशी खानदेशातल्या तालुक्याच्या शाखांमध्ये. आधी कागद घेऊन आलेल्या माणसाचं काम पटकन होताना मी पाहिलंय.

पारावरच्या बोलण्यात तथ्य अर्धंच आहे. ज्येष्ठ नागरिकाला आजारपणात दंड माफ केलाच पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम नाही. रिझर्व्ह बँकेने दंड किती लावायचा आणि लावायचा की नाही, हे प्रत्येक बँकेच्या संचालक मंडळावर सोडलं आहे. मंडळाने ठेव धोरण ठरवायचं आणि ठेव घेतानाच ग्राहकाला दंडाची कल्पना द्यायची, एवढं बंधन बँकेवर आहे. दुसरी गोष्ट पक्की आहे: व्यक्तीच्या नावावरच्या १ कोटीपर्यंतच्या साध्या मुदत ठेवीत मुदतपूर्व पैसे काढण्याची सोय ठेवावीच लागते. म्हणजे पैसे मिळणं हा तुमचा हक्क आहे, दंडमाफी ही विनंती आहे. अर्जाचा सूर त्यावरूनच ठरवा.

म्हणून बँकेच्या वेबसाइटवरचं ठेव धोरण मुलाकडून उघडून घ्या. ‘मुदतपूर्व’ या मथळ्याखाली काही बँकांनी गंभीर आजार, ज्येष्ठ नागरिक किंवा ठेवीदाराचा मृत्यू अशा प्रसंगी सवलत लिहून ठेवलेली असते. तसं कलम सापडलं तर अर्जात त्याचा उल्लेख करा, मग काउंटरवरच्या मुलाला ‘नसते’ म्हणता येणार नाही. कलम नसेल तर शाखाधिकारी स्वतःच्या सहीने माफ करू शकत नाहीत, ते अर्ज क्षेत्रीय कार्यालयाकडे पाठवतात. त्याला दिवस लागतात आणि तुमच्याकडे गुरुवारपर्यंतचाच वेळ आहे. यावरचा उपाय अर्जाच्या मजकुरात सांगतो.

पावती कुठली आहे तेही एकदा नीट वाचा. आपल्याकडे लोक पतसंस्थेलाही बँकच म्हणतात. पावती पतसंस्थेची असेल तर वरचं काहीच लागू नाही. तिथे रिझर्व्ह बँक नसते, सहकार खात्याचे सहायक निबंधक असतात. आणि बँकेचीच असली तरी ती प्राप्तिकर वाचवण्यासाठीची पाच वर्षांची पावती नाही ना, हे बघा. तिला पाच वर्षं कुलूप असतं, ती आजारपणातही मोडत नाही आणि तिच्यावर कर्जही मिळत नाही. तुमची तीन वर्षांची आहे म्हणजे हा प्रश्न नसावा, पण पावती हातात घेऊन बघायला काय जातं.

आता दंड म्हणजे नेमके किती रुपये, ते पाहू. लोकांना वाटतं की एक टक्का म्हणजे ५ लाखांतून ५ हजार गेले. तसं नसतं. मुदतीआधी पावती मोडली की दोन कात्र्या चालतात. पहिली कात्री दराची. तुम्ही तीन वर्षं थांबणार म्हणून साडेसात टक्के दिले होते, पण प्रत्यक्षात १५ महिनेच थांबलात. मग ज्या दिवशी ठेव ठेवली त्या दिवशी १५ महिन्यांच्या ठेवीला जो दर होता, तोच मिळतो. आजचा नाही, त्या दिवशीचा. समजा तो सात टक्के होता. दुसरी कात्री दंडाची. सातातून आणखी एक टक्का जाऊन सहा उरतात.

आकडे मांडतो, म्हणजे काउंटरवर बोलता येईल. पाच तिमाह्यांत तुमच्या खात्यात प्रत्येकी ९,३७५ रुपये, एकूण ४६,८७५ रुपये व्याज जमा झालं आहे. सहा टक्क्यांनी १५ महिन्यांचं व्याज होतं ३७,५००. म्हणजे बँकेने तुम्हाला ९,३७५ रुपये जास्त दिलेत, आणि ते ती मुद्दलातून वळते करून घेणार. हातात येतील ४,९०,६२५. पाहून धस्स होईल, ‘माझे साडेनऊ हजार कुठे गेले’ असं वाटेल. पण तिमाही व्याज घेणाऱ्याच्या बाबतीत हिशेब असाच होतो, त्यात बँकेने लबाडी केलेली नसते.

दंड माफ झाला तर सात टक्क्यांनी व्याज होईल ४३,७५०, वळते होतील ३,१२५ आणि हातात येतील ४,९६,८७५. म्हणजे अर्ज मंजूर झाला तरी पूर्ण ५ लाख येणार नाहीत. तुमच्या अर्जाची किंमत ६,२५० रुपये आहे. मागायलाच हवेत एवढे ते आहेत, पण त्यांच्यापायी ऑपरेशन एक दिवस पुढे ढकलावं एवढे नाहीत. तुमच्या बँकेचा त्या दिवशीचा १५ महिन्यांचा दर वेगळा असेल तर आकडे थोडे हलतील, रीत हीच राहील. मोडण्याआधी ‘आज मोडली तर किती मिळतील’ हा हिशेब छापून मागा. त्यात दोन गोष्टी तपासा: ज्येष्ठांचा जादा अर्धा टक्का कमी मुदतीच्या दरात धरलाय का, आणि दर ठेवीच्या तारखेचाच आहे का. पावती मध्येच आपोआप नूतनीकरण झालेली असेल तर महिने मूळ तारखेपासून नाही, नूतनीकरणापासून मोजतात. काही जण इथेच फसतात.

पैशांपेक्षा अडणारी गोष्ट दुसरी आहे, आणि तिचा उल्लेख तुमच्या पत्रात नाही: ताईंची सही. पावतीवर ‘दोघांपैकी कोणीही एक किंवा हयात’ असं लिहिलेलं असेल, आणि त्यामुळे आपण एकटे जाऊन मोडू शकतो असं तुम्हाला वाटत असेल. मुदत पूर्ण झाल्यावर ते खरं आहे. मुदतीआधी मोडायची तर बँक दोघांच्या सह्या मागते, कारण दोघांनी मिळून तीन वर्षांचा करार केलेला असतो. ठेव ठेवताना ‘एकाच्या सहीने मुदतपूर्व मोडता येईल’ असं वेगळं लिहून दिलं असेल तरच सुटका. एका शाखेत मी असताना एक आजोबा आले होते, बायको जळगावच्या दवाखान्यात आयसीयूमध्ये. पावती त्यांच्या हातात, पैसे बँकेत, आणि मधे एक सही. दोन दिवस गेले. तेव्हापासून मी कोणालाही आधी सहीचंच विचारतो.

त्यामुळे गुरुवारची वाट पाहू नका. ताई घरी आहेत, हातात पेन धरू शकतात, तोवर अर्जावर, पावतीच्या मागे आणि बँकेच्या मुदतपूर्व फॉर्मवर दोघांच्या सह्या करून ठेवा. शक्य असेल तर त्यांना रिक्षाने शाखेत नेऊन अधिकाऱ्यासमोर करा, म्हणजे सही जुळत नाही ही तक्रार निघणार नाही. दगदग नको असेल तर अधिकाऱ्याला घरी बोलवा. सत्तरीपुढच्या आणि आजारी ग्राहकांना घरपोच सेवा द्यावी अशी सूचना रिझर्व्ह बँकेने बँकांना २०१७ सालीच दिली आहे. सही करताच येत नसेल तर अंगठा चालतो. त्याला दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. हा अंगठा दवाखान्यातल्या खाटेवरही घेता येतो. पण रुग्ण शुद्धीवर हवा. बेशुद्ध माणसाचा अंगठा कोणी घेत नाही, घेऊही नये.

आता अर्ज. शाखाधिकाऱ्यांच्या नावे, दोघांच्या सहीने, दोन प्रती. एकीवर बँकेचा शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेऊन ती जवळ ठेवा. मजकूर असा:

> विषय : वैद्यकीय कारणास्तव मुदत ठेव विनादंड मुदतपूर्व मोडण्याबाबत.
>
> महोदय, आम्ही आपल्या शाखेचे ज्येष्ठ नागरिक ठेवीदार आहोत. ठेव क्र. …, रक्कम रु. ५,००,०००, दि. … रोजी ३६ महिन्यांसाठी ठेवली आहे. आमच्यापैकी सौ. … यांच्यावर दि. … रोजी नाशिक येथे बायपास शस्त्रक्रिया ठरली असून खर्चाचा अंदाज रु. ३,२०,००० आहे. डॉक्टरांचे प्रमाणपत्र व अंदाजपत्रक सोबत जोडले आहे. या कारणास्तव ठेव मुदतीपूर्वी मोडून, जेवढा काळ ठेव राहिली त्या काळास लागू असलेल्या दराने व्याज द्यावे व मुदतपूर्व दंड माफ करावा, ही विनंती.
>
> दंडमाफीचा निर्णय आपल्या अधिकारात नसल्यास हा अर्ज वरिष्ठ कार्यालयाकडे पाठवावा. शस्त्रक्रियेची तारीख जवळ असल्याने निर्णयाची वाट न पाहता रक्कम आजच द्यावी. तूर्त कापलेला दंड मंजुरीनंतर आमच्या बचत खात्यात जमा करावा. माफी नाकारल्यास त्याचे कारण व संबंधित ठेव धोरणातील कलम लेखी कळवावे.

दुसरा परिच्छेद काढू नका. त्यामुळे पैसे अडत नाहीत आणि विनंतीही जिवंत राहते. लेखी कारण मागितलंत की ‘नियमात नाही’ म्हणणाऱ्याला नियम उघडावा लागतो. ‘जेवढा काळ ठेव राहिली त्या काळाच्या दराने’ हे शब्दही मुद्दाम घातले आहेत. काही जण ‘पूर्ण साडेसात टक्क्यांनी द्या’ असं लिहितात. ते कोणाच्याच अधिकारात नसतं, आणि त्या नादात होण्याजोगी मागणीही फेटाळली जाते.

सोबत जोडायचे कागद मोजकेच, पण नीट हवेत. डॉक्टरांच्या लेटरहेडवर आजाराचं नाव, शस्त्रक्रियेची तारीख, सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक. नुसता ‘उपचार सुरू आहेत’ असा कागद वरिष्ठ कार्यालयातून परत येतो. दवाखान्याचं अंदाजपत्रक, अँजिओग्राफीच्या रिपोर्टची प्रत, मूळ पावती, दोघांचे आधार आणि पॅन. पावती हरवली असेल तर आजच सांगा, त्याचा वेगळा बंधपत्राचा उद्योग असतो.

आता एक प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, तो मी विचारतो. पावती मोडायचीच कशाला? लागतात ३ लाख २० हजार, पावती आहे ५ लाखांची. पावती तारण ठेवून बँक साधारण ९० टक्क्यांपर्यंत कर्ज किंवा ओव्हरड्राफ्ट देते, व्याज बहुतेक ठिकाणी ठेवीच्या दराहून एक टक्का जास्त. म्हणजे तुम्हाला साडेआठ टक्के. ३ लाख २० हजारांवर तिमाहीला ६,८०० रुपये व्याज होईल आणि तुमच्या पावतीचे ९,३७५ येतच राहतील. खरा भुर्दंड फक्त त्या एका टक्क्याचा, म्हणजे वर्षाला ३,२००. पावतीचे उरलेले पूर्ण २१ महिने कर्ज तसंच ठेवलं तरी ५,६०० रुपये. दंड भरून मोडली तर आत्ताच ९,३७५ जातात, दंड माफ झाला तरी ३,१२५. म्हणजे दंडमाफी नाकारली गेली तर कर्ज सरळ स्वस्त. माफी मिळाली तर मोडणं थोडं स्वस्त, पण त्यात एक खोच आहे. २०२५ सालात रिझर्व्ह बँकेने रेपो दर साडेसहावरून सव्वापाचवर आणला, ठेवींचे दरही खाली आले. मोडल्यावर उरलेले पावणेदोन लाख परत ठेवायला गेलात तर साडेसात टक्के मिळणं अवघड.

कर्जाची दुसरी बाजूही सांगतो. तिमाहीच्या ९,३७५ पैकी हाती २,५७५ राहतील, आणि तुमच्या घरखर्चात ते व्याज धरलेलं आहे. पेन्शनवर तेवढा ताण झेपत नसेल, किंवा कर्ज म्हटलं की झोप उडत असेल, तर खुशाल मोडा. मुलगा पुढच्या काही महिन्यांत लाखभर पाठवणार असेल किंवा शेतीतल्या कापसाचे पैसे यायचे असतील, तर मी ओव्हरड्राफ्टच घेतला असता. पैसे आले तसे भरत जायचं, व्याज उरलेल्या रकमेवरच लागतं. काही बँका पावतीतला थोडाच भाग मोडू देतात, तेही विचारा. मग दराची आणि दंडाची कात्री तेवढ्याच भागावर चालते. पण कर्जालाही दोघांच्याच सह्या लागतात, हे विसरू नका.

आणखी एक. नाशिकचा दवाखाना महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आहे का, हे तिथल्या आरोग्यमित्राला विचारलंत का? ताईंना सत्तर पूर्ण झाली असतील तर आयुष्मान वयवंदना कार्डही निघतं, उत्पन्नाची अट नाही. दोन्हीत वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. शस्त्रक्रिया त्यात बसली तर पावतीला हातच लावायला नको. हा फोन बँकेत जाण्याआधी करा. अॅडमिट झाल्यावर नोंदणीची धावपळ वाढते.

शेवटी लोकपालाचा विषय, कारण अर्ज नाकारला की कोणीतरी तुम्हाला तिकडे पाठवेलच. बँकेला लेखी तक्रार देऊन ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर किंवा पोस्टाने तक्रार करता येते, वकील लागत नाही. पण नुसता ‘दंड माफ केला नाही’ या तक्रारीला तिथे फारसा अर्थ नाही, तो बँकेचा व्यवसायातला निर्णय समजला जातो. ठेव ठेवताना दंडाची माहितीच दिली नव्हती, धोरणात सवलत असून नाकारली, किंवा दर चुकीच्या तारखेचा लावला, यातलं काही असेल तर तक्रार उभी राहते. म्हणूनच तो छापील हिशेब आणि शिक्का मारलेली प्रत जपून ठेवा.

हे पत्र वाचाल तेव्हा हातात चार-पाच दिवस असतील. पहिल्या दिवशी आरोग्यमित्राला फोन, दुसऱ्या दिवशी ताईंना घेऊन बँक. तिथे आधी हिशेब मागा, मग तारण कर्जाचा दर विचारा, आणि त्यानंतरच मोडायची की नाही ते ठरवा. मॅनेजर रजेवर असतील तर अर्ज आवक-जावकमध्ये देऊन शिक्का घ्या, परत फिरू नका.